एकच शेख, तीन स्पेलिंग

उर्दूत ‘शेख’ लिहायची एकच रीत आहे. इंग्रजीत मात्र कुणी Shaikh लिहितो, कुणी Sheikh, कुणी Shaik. त्यात आपल्या बायकांच्या नावापुढे कधी बी, कधी बेगम, लग्नानंतर मध्ये शौहरचे नाव. शाळेच्या दाखल्यात हे खपून जाते, म्युच्युअल फंडात खपत नाही.

माझ्या आपाने लग्नाआधी फंडात पैसे टाकले होते. तिथे नाव Shaikh Shabana Bi. पॅन तिने लग्नानंतर काढले, त्यावर Shabana Salim Shaikh. भाचीच्या कॉलेजची फी भरायची म्हणून पैसे काढायला गेली, तर अर्ज परत आला. एका एजंटाने सल्ला दिला, “पॅनवरचेच नाव बदलून घ्या.”

हा सल्ला आम्ही मानला नाही. सगळी कागदपत्रे जमिनीवर मांडली. पॅन, आधार आणि बँकेचे पासबुक, तिन्हींवर एकच नाव. वेगळा होता तो फंडाचा फोलिओ आणि जुना केवायसी. पॅन बदलले असते, तर आधार आणि बँक दोन्हींशी ते जुळले नसते. जे एकटे वेगळे आहे, तेच दुरुस्त करायचे.

आधी आयकर खात्याच्या पोर्टलवर पॅन, पूर्ण नाव आणि जन्मतारीख टाकून पाहिली. कार्डावर छापलेल्या नावापेक्षा खात्याच्या नोंदीतले नाव महत्त्वाचे, कारण पडताळणी त्याच्याशीच होते. मग केवायसी नोंदवणाऱ्या संस्थेच्या, म्हणजे केआरएच्या, संकेतस्थळावर पॅन टाकून केवायसीची स्थिती पाहिली. केवायसी बदलाचा अर्ज पॅन आणि आधारच्या प्रतींसह दिला.

केवायसी सुधारला म्हणून फोलिओतले नाव आपोआप बदलेल असे धरून चालू नये. त्यासाठी फंडाकडे वेगळा अर्ज दिला. नाव लग्नामुळे बदलले, याचा पुरावा त्यांनी मागितला. निकाहनामा उर्दूत होता, तो चालला नाही. नगरपालिकेत विवाह नोंदवून घेतलेला दाखला चालला. फक्त स्पेलिंगचा फरक असता, तर पॅनच्या प्रतीसोबत दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र बहुधा पुरले असते. पैसे काढण्याचा अर्ज मात्र फोलिओवर नवे नाव दिसल्यावरच दिला.

डीमॅट खात्याचेही असेच. तिथे अर्ज खाते उघडलेल्या ब्रोकरकडे किंवा बँकेकडे द्यायचा. चूक खरोखर पॅनमध्येच असेल, तर आधी पॅन दुरुस्त करावे, मग बाकीचे. आधारला हात लावताना जपून, तिथे नाव आयुष्यात दोनदाच बदलता येते.

घरातल्या बायकांचे विवाह नोंदणीचे दाखले नसतील, तर ते आताच काढून ठेवा. फीची तारीख तोंडावर आल्यावर नगरपालिकेच्या खिडकीपुढे उभे राहायची वेळ नको.