“पिकअप-ड्रॉप उपलब्ध” म्हणजे नेमकं कुठून कुठपर्यंत?

“नाईट शिफ्ट, पुणे. बारावी पास चालेल. 22,000 हातात. नाईट अलाउन्स, पिकअप-ड्रॉप, वीकली ऑफ. मर्यादित जागा.”

वाशिम, रिसोड, मंगरूळपीरच्या पोरापोरींच्या मोबाईलवर असे मेसेज येतच असतात. गल्लीतल्या एका पोरीनं हा मला पाठवला अन् विचारलं, “काका, जाऊ का?” मी म्हटलं, आधी तीन गोष्टी लेखी विचार. तिनं विचारल्या. भरती करणाऱ्या मॅडमनं उत्तरंही नीट दिली. अन् तिथंच खरा मामला उघडा पडला.

पहिली गोष्ट अलाउन्सची. उत्तर आलं, “रात्रीला 200 रुपये, हजर असेल तितक्या रात्रींचे. 22,000 मध्ये ते धरलेले आहेत.” आता हिशोब करा. आठवड्याचे सहा दिवस काम, म्हणजे महिन्याला साधारण 26 रात्री. 26 गुणिले 200, झाले 5,200. म्हणजे पक्का पगार 16,800 च! पहिला महिना ट्रेनिंगचा, तेही दिवसा. त्या महिन्यात अलाउन्स शून्य. पुढं तापानं चार रात्री पडून राहिली, तर त्या रात्रींचे 800 गेले. खोलीचं भाडं अन् मेस मात्र महिनाभराची. यात फसवणूक आहे असं मी म्हणत नाही. दुकाने व आस्थापना कायद्यात रात्रपाळीचा वेगळा भत्ता द्यायलाच पाहिजे असं कलम नाही. तो कंपनीच्या धोरणाचा भाग आहे. म्हणूनच तो ऑफर लेटरमध्ये आकड्यानिशी पाहिजे, मेसेजमध्ये असून भागत नाही.

दुसरी गोष्ट गाडीची. इथं कायदा बोलतो. महाराष्ट्राच्या 2017 च्या कायद्यातलं कलम 13 सांगतं की रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती पाहिजे, सुरक्षेची व्यवस्था पाहिजे, आणि कामाच्या ठिकाणापासून तिच्या घराच्या दारापर्यंत वाहन पाहिजे. दारापर्यंत! चौकापर्यंत नाही. मॅडमचं उत्तर होतं, “ड्रॉप मेन रोडच्या पॉईंटला मिळेल.” पहाटे सहाला अंधाऱ्या गल्लीतून ती पोरगी एकटी चालत जाणार. कायद्याला हे चालत नाही, असं तिनं परत लिहिलं, तेव्हा “घरापर्यंत करून देऊ” असं उत्तर आलं. मागितलं म्हणून मिळालं.

पण त्या कलमाचं वाक्य परत वाचा. त्यात ऑफिसातून घरी येण्याचं स्पष्ट लिहिलंय, घरून जाण्याचं नाही. अन् पुण्यातला 1 नोव्हेंबर 2007 चा गुन्हा जातानाच घडला होता. बीपीओत रात्रपाळीला निघालेल्या तरुणीला घ्यायला कंपनीनं ठरवलेली कॅब आली. चालकासोबत त्याचा एक साथीदार आधीच बसलेला होता. गाडी ऑफिसला न जाता गहुंज्याकडं गेली. तिच्यावर अत्याचार करून तिचा खून झाला. गाडी ठरलेलीच होती, चालकही ठरलेलाच होता. म्हणून “गाडी आहे का?” एवढं विचारून पुरत नाही. गाडीत पहिली बसणारी किंवा शेवटची उतरणारी बाई असेल तर सोबत गार्ड असतो का, हे विचारा. चालकाशिवाय अनोळखी माणूस आत दिसला तर न बसता ट्रान्सपोर्ट डेस्कला फोन करायचा. तो नंबर पहिल्याच दिवशी मागून घ्या.

तिसरी गोष्ट सुट्टीची. कायद्यानं आठवड्यातून सलग 24 तास विश्रांती द्यावी लागते. रात्रपाळीत गोंधळ तारखेचा होतो. शनिवारी रात्री नऊला सुरू झालेली पाळी रविवारी सकाळी सहाला सुटते. “रविवारी सुट्टी” म्हणून सांगितलं अन् रविवारीच रात्री नऊला परत बोलावलं, तर मध्ये फक्त 15 तास मिळाले. ती सुट्टी नव्हे, झोप काढायला दिलेली सवड. सोमवारी रात्री नऊला बोलावलं तर 39 तास होतात, ती खरी सुट्टी. म्हणून वार विचारू नका. किती वाजता सुटणार आणि पुढं किती वाजता लागणार, ते विचारा.

मित्रहो, तुमच्या घरात असा मेसेज आला असेल तर एवढंच कॉपी करून पाठवा:

“अलाउन्स सोडून पक्का पगार किती? ट्रेनिंगच्या महिन्यात किती? गाडी घरापासून घरापर्यंत आहे का, गार्ड कधी असतो? साप्ताहिक सुट्टी किती वाजेपासून किती वाजेपर्यंत? हे सगळं ऑफर लेटरमध्ये येईल का?”

ज्याला खरंच माणूस पाहिजे, तो उत्तर देतो. “जॉइन झाल्यावर कळेल” असं म्हणणाऱ्यासाठी पुण्याच्या ट्रॅव्हल्सचं तिकीट काढू नका.