प्रश्न आधी, सिनेमा नंतर

आमच्या फिल्म सोसायटीचं वर्ष जूनमध्ये सुरू होतं. त्याआधी, मे महिन्यात, मी बारा महिन्यांचे खेळ आखते आणि प्रत्येक खेळापुढे चर्चेचा विषय लिहून पत्रक छापायला देते. या आखणीबद्दल लोक माझं कौतुक करतात, तेव्हा ते कौतुक खरं कुणाचं, हे सांगणं माझं कर्तव्य आहे.

ज्यांनी मला हे शिकवलं ते सर शाळेत चित्रकला शिकवत. पुण्याला फिल्म इन्स्टिट्यूट आणि चित्रपट संग्रहालय मिळून उन्हाळ्यात चित्रपट रसास्वादाचा जो वर्ग भरवतात, तो ते तरुणपणी करून आले होते. सतीश बहादूरांनी तिथे ‘पथेर पांचाली’ दृश्यागणिक उलगडून दाखवला होता, आणि ते ऋण सर कायम बोलून दाखवत. त्या काळी संग्रहालयाकडून १६ मिलिमीटरची प्रिंट मागवावी लागे. रिळांचे डबे वेळेवर आले नाहीत तर खेळ बुडायचा, म्हणून प्रत्येक महिन्यापुढे एक राखीव सिनेमा लिहिलेला असे. आता डबे नाहीत, तरी राखीव सिनेमाची सवय मी सोडलेली नाही. डिस्क विकत घेतली म्हणजे चारचौघांत दाखवायचा हक्क मिळत नाही; परवानगी हक्कधारकाकडून घ्यावी लागते आणि ती कधीकधी आयत्या वेळेपर्यंत येत नाही.

मी पहिल्यांदा आखणी करून नेली तेव्हा त्यात गाजलेल्या सिनेमांची यादी होती आणि समोर ‘गरिबी’, ‘स्त्री’, ‘निसर्ग’ असे विषय. सरांनी विचारलं, “गरिबीवर लोक काय बोलतील?” मग स्वतःच सांगितलं, “गरिबीवर भाषण होतं. सिनेमावर बोलणं व्हायचं असेल तर असा प्रश्न दे, की ज्याचं उत्तर द्यायला माणसाला पडद्यावरचं दृश्य आठवावंच लागेल.” आखणी प्रश्नापासून सुरू करायची, एक प्रश्न तीन महिने चालवायचा आणि त्याला साजेसे तीन सिनेमे शोधायचे, ही त्यांची रीत. वर्षाचे असे चार प्रश्न होतात.

त्यांनी माझ्यासमोर बसून जी पहिली तिमाही लावली, ती मी आजही नव्या सभासदांसाठी वापरते. प्रश्न असा: चोरी कोण करतं, आणि ती कोण पाहतं? जूनमध्ये व्हित्तोरियो दे सिकांचा ‘बायसिकल थीव्ह्ज’ (१९४८), जुलैत बिमल रॉय यांचा ‘दो बिघा जमीन’ (१९५३), ऑगस्टमध्ये सत्यजित राय यांचा ‘पथेर पांचाली’ (१९५५). या तिघांचं नातं कागदावर जुळवलेलं नाही. रायनी ‘बायसिकल थीव्ह्ज’ १९५० साली लंडनमध्ये पाहिला, बिमलदांनी १९५२ च्या मुंबईतल्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात. दोघांच्याही पुढच्या वाटेवर त्याचा परिणाम झाला.

आता प्रश्न लावून पाहा. रोममध्ये अंतोनिओची सायकल चोरीला जाते आणि शेवटी तोच दुसऱ्याची सायकल चोरू पाहतो. पकडला जातो ते मुलाच्या, ब्रुनोच्या, डोळ्यांदेखत. ‘दो बिघा जमीन’मध्ये हे उलटं आहे. शंभूच्या हिशेबाने कर्ज ६५ रुपयांचं, जमीनदाराच्या कागदावर २३५ चं. ते फेडायला तो कलकत्त्यात रिक्षा ओढतो, अपघातात जखमी होतो, आणि पैशासाठी चोरीकडे वळतो तो त्याचा मुलगा कन्हैया. बापाला कळतं तेव्हा तो मुलालाच फटकारतो. ‘पथेर पांचाली’त दुर्गावर माळ चोरल्याचा आळ येतो. ती नाकारते. ती गेल्यानंतर अपूला ती माळ घरात सापडते आणि तो ती तळ्यात फेकून देतो. बापाची चोरी मुलगा पाहतो, मुलाची बाप पाहतो, आणि बहिणीची चोरी भाऊ कायमची झाकतो. हे बदलत जाणारं नातं सभासदांनी स्वतः शोधायचं असतं. पत्रकात फक्त प्रश्न छापायचा.

क्रमामागे व्यवहारही आहे. आमचा हॉल तीन तासांसाठी मिळतो. ‘बायसिकल थीव्ह्ज’ दीड तासाचा. ओळखीची दहा मिनिटं आणि चहा धरला तरी चर्चेला तासभर उरतो. नव्या सभासदांना पहिल्याच खेळाला तो तास मिळायला हवा. शिवाय जूनच्या पावसात वीज गेली, तरी छोटा सिनेमा पुन्हा सुरू करून पुरा करता येतो. पुढचे दोन दोन तासांहून मोठे, त्यांना हॉल अर्धा तास आधी मागून ठेवायचा. ऑगस्टमध्ये ‘पथेर पांचाली’ ठेवला, की पावसात भिजणारी दुर्गा पडद्यावर असताना बाहेरही पाऊस असतो, आणि गणपतीच्या धामधुमीआधी तिमाही संपते.

खेळाआधी सर कथा सांगत नसत. फळ्यावर पात्रांची नावं आणि नाती लिहायची, कारण इंग्रजी सबटायटल वाचताना परकी नावं निसटतात. सिनेमा संपला की चहा हॉलमध्येच द्यायचा. बाहेर ठेवला तर निम्मे लोक तिथूनच घरी जातात. मग पहिला सवाल “आवडला का?” असा कधीच नाही. “काय पाहिलं?” एवढंच विचारायचं. सलग चार-पाच जणांच्या बोलण्यात एकाही दृश्याचा उल्लेख आला नाही, तर चर्चा घसरली असं समजायचं. तेव्हा वाद घालायचा नाही, आधी निवडून ठेवलेलं तीन-चार मिनिटांचं दृश्य पुन्हा लावायचं.

‘बायसिकल थीव्ह्ज’साठी ते दृश्य गहाणखान्याचं असे. मारिया घरच्या चादरी गहाण टाकते, गहाणातली सायकल सुटते, आणि तिथला नोकर तो गठ्ठा घेऊन उंच मांडणीवर चढत जातो. एका वर्षी बेकारीवर भाषणं रंगली, तेव्हा मी ते पुन्हा लावलं. पतसंस्थेत तारण कर्ज पाहणारे आमचे एक सभासद, जे एरवी गप्प असत, उठून म्हणाले, “तो वर चढतो आहे, म्हणजे खालच्या फळ्या भरल्यात. एवढ्या घरांतल्या लोकांनी चादरी आणून दिल्यात.” त्यानंतर बेकारीवर कुणी भाषण केलं नाही. सगळे दृश्यं सांगू लागले. हे देणं त्या सभासदांचं, आणि दृश्य आधी निवडून ठेवायला शिकवणाऱ्या सरांचंही.

सर आता नाहीत. त्यांच्या पश्चात मी आखलेली दुसरी तिमाही ‘सत्य कोण ठरवतं?’ या प्रश्नाची आहे: कुरोसावांचा ‘राशोमोन’, सिडनी ल्युमेट यांचा ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ आणि चैतन्य ताम्हाणेंचा ‘कोर्ट’. यांतला शेवटचा सिनेमा कोर्ट सुटल्यावर वकील आणि न्यायाधीश यांच्या मागोमाग त्यांच्या खासगी आयुष्यात जातो, म्हणून तो तिसरा. हा क्रम सरांना दाखवायचा राहिला, पण कसोटी त्यांचीच लावली आहे.

तुमच्या गावात कुणी फिल्म क्लब काढत असेल, तर त्यांनी ही रीत खुशाल उचलावी. सिनेमांची यादी करण्याआधी एक प्रश्न लिहा, आणि त्याचं उत्तर दृश्य न आठवता देता येत असेल तर तो खोडून दुसरा लिहा.