तलावाचे खालचे भोक

आमचे गाव भंडारा जिल्ह्यात, साकोलीच्या बाजूला. घरामागे मामा तलाव आहे. बाहेरच्या पाहुण्यांना हे नाव ऐकून हसू येते, पण त्याचा मामाशी काही संबंध नाही. ‘माजी मालगुजारी’ या शब्दांचे ते छोटे रूप. भंडारा-गोंदियाकडचे असे पुष्कळ तलाव कोहळी समाजाच्या जाणत्या माणसांनी बांधले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारचे झाले.

आमच्या तलावाच्या पाळीत पाणी सोडण्याचे तुडुम आहे. त्याला एकाखाली एक अशी तीन भोके. अब्बा सांगायचे की धान निसवताना पाऊस दडी मारायचा, तेव्हा वरचे भोक आधी उघडत आणि खालचे शेवटी. आम्ही जाणते झालो तेव्हा खालचे भोक दिसतच नव्हते. ते गाळात गेले होते. तलाव किती भरला हे सांगणारी याहून साधी खूण नाही.

गाळ येतो कुठून? वरच्या अंगाचे जंगल तुटले, तिथे उताराच्या दिशेने नांगरट झाली, आणि दर पावसाळ्यात माती खाली आली. पूर्वी उन्हाळ्यात लोक बैलगाड्या भरभरून गाळ शेतात नेत. रासायनिक खत आले, तशी ती रीत सुटली.

हिशेब करून पाहू. तलाव दहा हेक्टरचा आणि गाळ एक फूट धरला, तर तीन कोटी लिटर पाण्याची जागा गेली. शिवाय तलाव उथळ झाला तरी त्याचा पसारा तेवढाच राहतो. ऊन रोज जवळपास तेवढेच पाणी पिते, म्हणून उरलेल्या थोड्या पाण्यातला मोठा वाटा वाफ होऊन जातो. बारीक चिकणमातीने तळही लिंपला जातो आणि पाणी जमिनीत कमी मुरते. पाळीखालच्या मशिदीच्या विहिरीवर ते आम्हाला दिसले. जिथे मे महिन्यातही वुजूला पाणी असायचे, तिथे मार्चमध्येच बादली तळाला लागू लागली.

पाण्यातल्या जिवांचे हाल आम्हाला शेजारच्या ढिवर काकांनी दाखवले. एका पहाटे ते आम्हाला काठावर घेऊन गेले. मासे वर येऊन तोंड उघडझाप करत होते. उथळ पाणी लवकर तापते, तापल्यावर त्यात प्राणवायू कमी मावतो, आणि रात्रभरात उरलासुरलाही संपतो. मरळ आणि मागूर वरची हवा घेऊन तग धरतात, बाकीचे मरतात. गढूळ पाण्यात ऊन तळापर्यंत पोचत नाही, म्हणून आतली वनस्पती जाते. तिच्यावर अंडी चिकटवणाऱ्या माशांची वीणही मग थांबते. रिकाम्या झालेल्या काठावर बेशरम माजते.

“बाबू, जाळ्यात आता बेशरमच्या काड्याच येतात,” काका म्हणाले.

मग गावाने पैसे गोळा करून यंत्र लावले. आम्हीही वर्गणी दिली. यंत्राने काठापासून काठापर्यंत सरसकट खोल खणले, आणि आम्ही खूश होतो. पावसाळ्यात तलाव तुडुंब भरला, पण दिवाळीनंतर पाणी झपाट्याने उतरले. खणताना एका बाजूला गाळाखालचा चिकणमातीचा जुना थर फुटून मुरूम उघडा पडला होता. पाणी तिथून झिरपत होते. मुरूम मिसळलेला शेवटचा गाळ ज्यांनी बांधीत टाकला, त्यांचे धानही खुरटले. काठ ताशीव झाल्यामुळे म्हशींना उतरता येईना. देवधान आणि परसूड उगवते ती उथळ जागाच गेली, आणि तिच्याबरोबर तिथे चरणारी बदकेही.

त्यावेळी काकांना कोणी विचारले नव्हते. आम्हीही नाही. ही खंत अजून आहे.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांना पुढे घालून काम केले. फुटलेल्या जागी चिकणमाती घालून, पाणी शिंपडून ती धुमसली. पाळीच्या पायथ्याला यंत्र जाऊ दिले नाही. काठ उतरता केला. बेशरम कापली नाही, मुळासकट उपटली, कारण तिची तुटलेली काडीही ओल्या मातीत रुजते. अर्जुनी मोरगावच्या भागात ढिवर बायामाणसांनी तलावात वनस्पती पुन्हा लावल्या आहेत. त्याच रीतीने आमच्याकडच्या बायांनी दुसऱ्या तलावातून परसूड आणि पाण्यातले गवत आणून चिखलात लावले. लावलेल्या जागी गुरे जाऊ नयेत म्हणून पहिल्या पावसापर्यंत आळीपाळीने राखण केली.

सगळा गाळ निघालेला नाही. एका ट्रॉलीत साधारण तीन घनमीटर माती मावते, म्हणजे तो एक फूट काढायलाच दहा हजार खेपा. आणि वरचा उतार उघडा आहे तोवर माती येतच राहणार. पण यंदा मेमध्ये विहिरीत हातभर पाणी होते. तुडुमाचे खालचे भोकही मोकळे झाले आहे. दर उन्हाळ्यात ते पाहायला आम्ही पोरांना घेऊन जातो.