प्लग काढला, केबल राहिली

संगमेश्वरजवळच्या आमच्या घराला मे महिन्यातला वळीव नवा नाही. यंदा एका संध्याकाळी मागच्या आंब्याच्या बागेत वीज पडली. नेहमीच्या सवयीने आम्ही राउटरचा प्लग आधीच काढला होता. पाऊस ओसरल्यावर तो लावला, तर वाय-फाय लगेच आलं. थोड्या वेळाने अंगणापलीकडच्या भावाच्या घरातून पुतण्याची हाक आली, "काका, गेम ऑनलाइन जात नाही. केबल लावलेलीच नाही असं दाखवतंय."

आमच्या राउटरपासून त्याच्या प्लेस्टेशनपर्यंत सुमारे 30 मीटर लॅन केबल वळचणीखालून नेलेली आहे. तीच केबल राउटरच्या दुसऱ्या पोर्टला लावून पलीकडच्या टोकाला लॅपटॉप जोडला, तर नेट चालू. म्हणजे केबल शाबूत होती. राउटरच्या पहिल्या पोर्टचा हिरवा दिवा मात्र कुठल्याच केबलने लागेना. प्लेस्टेशनही वाय-फायवर चालायचं, केबलवर नाही. दोन्ही टोकांचे पोर्ट तेवढे गेले होते.

कारण ती लांब तांब्याची तार. जवळ वीज पडली की अशा तारेत क्षणभर मोठा दाब तयार होतो आणि तो दोन्ही टोकांना पोचतो. पोर्टमागचे चिमुकले ट्रान्सफॉर्मर साधारण 1500 व्होल्टपर्यंतचा दाब अडवतात. त्यापुढे चिप जाते. स्टॅबिलायझरचा इथे उपयोग नाही. तो कमी-जास्त होणारं व्होल्टेज सावकाश सावरतो, हा झटका मायक्रोसेकंदांचा असतो. साधा स्पाइक गार्ड फक्त प्लगची वाट राखतो.

लॅन केबलसाठीही सर्ज प्रोटेक्टर मिळतो, पण तो झटका अर्थिंगमध्ये सोडतो. आमच्या वायरमनने फेज आणि अर्थिंगमध्ये टेस्ट लॅम्प लावून पाहिला, तर दिवा जेमतेम मिणमिणला. उन्हाळ्यात जांभ्याची जमीन कोरडी पडते, अर्थिंगही मंदावतं. अशा अर्थिंगवर तो प्रोटेक्टर बसवणं म्हणजे पैसे वाया.

म्हणून दोन घरांमध्ये फायबर टाकली आणि दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर बसवले. काचेतून वीज जात नाही. फायबरच्या काही केबलींत आधाराला पोलादी तार असते, तशी मुद्दाम घेतली नाही. अर्थिंगचा खड्डाही नव्याने करून घेतला.

धोका फक्त आकाशातल्या विजेचाच नसतो. आमचं कनेक्शन थ्री फेज आहे. त्यात न्यूट्रल तुटला तर 230 च्या जागी 400 व्होल्टपर्यंत दाब येऊ शकतो. तो टिकून राहतो आणि स्पाइक गार्ड त्यात स्वतःच जळतो. त्यासाठी मीटरजवळ ओव्हरव्होल्टेज रिले लावला.

तुमच्या घरी लॅन केबल उघड्यावरून येत असेल, तर गडगडाट लांब असतानाच प्लगबरोबर तीही काढून ठेवा. वीज डोक्यावर आली की मात्र केबलला हात लावू नका.