दोन तृतीया

दवनीवाड्याच्या आसपास सगळी धानाची शेती, त्यामुळे आमच्या सरांचं संस्कृतही बांधीतूनच यायचं. कर्ता प्रथमा, कर्म द्वितीया, करण तृतीया, संप्रदान चतुर्थी, अपादान पंचमी, अधिकरण सप्तमी ही यादी आम्हाला घडाघडा येत होती. एकदा सरांनी फळ्यावर 'कृषकः दात्रेण धान्यं लुनाति' लिहिलं, म्हणजे शेतकरी विळ्याने धान कापतो. खाली तेच कर्मणीत: 'कृषकेण दात्रेण धान्यं लूयते'. आता कर्ता कोण? अर्धा वर्ग 'धान्यम्' म्हणून ओरडला, प्रथमा तिथेच होती ना!

"धान कोनाले कापते रे?" सरांनी विचारलं, आणि पाठांतर तिथेच अडलं.

कारक म्हणजे क्रियेशी असलेलं नातं, विभक्ती म्हणजे ते नातं दाखवणारा प्रत्यय. 'लुनाति' हे क्रियापदच कर्त्याकडे बोट दाखवतं, म्हणून शेतकऱ्याला प्रथमा पुरते. 'लूयते' कर्माकडे बोट दाखवतं, तेव्हा धान प्रथमेत जातं आणि कर्ता तृतीयेत. कापणारा तोच राहतो. राहिल्या दोन तृतीया. त्यांतला जो क्रियेत स्वतंत्र, म्हणजे ज्याच्या मर्जीने काम चालतं, तो कर्ता. विळा त्याच्या हातात आहे, म्हणून विळा करण.

पुढे भाचरांना शिकवताना कळलं की खरी अडचण मराठीच करते. 'मुलाने आंबा खाल्ला' यातला 'ने' पाहून पोरं 'बालकेन आम्रम् अखादत्' लिहितात. 'अखादत्' कर्तरी आहे, त्याला 'बालकः'च हवा. 'बालकेन' ठेवायचं तर 'आम्रं खादितम्' म्हणावं लागेल.

'ला' तर त्याहून फसवा. नागझिऱ्याचं जंगल आमच्याच जिल्ह्यात, म्हणून मी वाघच घेते. गुराखी वाघाला पाहतो, रखवालदार वाघाला मांस देतो, गुराखी वाघाला भितो. मराठीत तिन्हीकडे 'वाघाला'. संस्कृतात मात्र 'व्याघ्रं पश्यति', कारण वाघ पाहण्याचं कर्म. 'व्याघ्राय मांसं ददाति', कारण दान त्याच्यासाठी, तो संप्रदान. आणि 'व्याघ्रात् बिभेति', कारण ज्याच्यापासून भीती उपजते ते पाणिनीच्या मते अपादान. भाचीने लगेच विचारलं, "आणि वाघाची शेपटी?" 'व्याघ्रस्य' षष्ठी खरी, पण तिचं नातं शेपटीशी, क्रियापदाशी नाही. म्हणून ती कारकांत बसत नाही.

एक गोष्ट मात्र मी तिला दहावीपर्यंत सांगितली नाही. भांड्यात भात शिजतो, तेव्हा भांडं अधिकरण: 'स्थाल्यां पचति'. पण भांड्यामुळेच शिजणं नीट होतं असं बोलणाऱ्याला म्हणायचं असेल, तर 'स्थाल्या पचति', भांडं करण. भांडंच शिजवतंय असं म्हणायचं असेल, तर 'स्थाली पचति', भांडं कर्ता! वैयाकरण याला विवक्षा म्हणतात. अर्थात परीक्षेत 'माझी विवक्षा' म्हणून गुण मिळत नाहीत.