भाषण सात मिनिटांचं, कमाल पुढच्या तीन मिनिटांची!

अहो, भाषणं ऐकायला म्हणून गेले आणि भलत्याच गोष्टीच्या प्रेमात पडून आले! गेल्या शनिवारपासून भेटेल त्याला हेच सांगत सुटले आहे. आज तुमची पाळी.

पुण्यातल्या एका टोस्टमास्टर्स क्लबात मैत्रिणीने ओढून नेलं. राल्फ स्मेडली यांनी 1924 साली कॅलिफोर्नियातल्या सांता आना गावी असा पहिला गट सुरू केला, आणि आता जगभर लोक असे जमून एकमेकांसमोर बोलायचा सराव करतात, एवढं मला ऐकून माहीत होतं. तिथे प्रत्येक तयार भाषणाला आधीच ठरवलेला एक इव्हॅल्युएटर असतो, हे मात्र ठाऊक नव्हतं. तो परीक्षक नसतो की गुरुजी नसतो, आपल्यासारखाच एक सभासद असतो. भाषण संपलं की थोड्या वेळाने तो उभा राहतो आणि सगळ्यांसमोर वक्त्याला अभिप्राय देतो. त्यालाही घड्याळ असतं बरं का! दोन मिनिटांना हिरवा दिवा, अडीचला पिवळा, तीनला लाल. म्हणजे अभिप्राय हेही एक भाषणच!

त्या दिवशी एक तरुण इंजिनीअर बोलला. विषय होता, सोसायटीच्या गच्चीवरचं पावसाचं पाणी कसं साठवलं. सुरुवात झकास. रात्री अडीचला टँकरवाल्याचा फोन येतो, 'गेट उघडा', असं म्हणून तो गप्प झाला, चांगला दोन-तीन सेकंद. मग गच्चीचं क्षेत्रफळ, पावसाचं प्रमाण, किती पाणी वाया जातं, सगळं सांगत सांगत 'दोन लाख सात हजार दोनशे लिटर' या आकड्यावर आला. तिथून पाइप, फिल्टर, खर्च. टाळ्या पडल्या. मलाही भाषण बरं वाटलं होतं, आणि कोणी विचारलं असतं तर मी 'छान झालं, जरा आकडे कमी करा' असं सांगून मोकळी झाले असते.

मग एक काका उठले. बँकेतून निवृत्त झालेले, हातात पोस्टकार्डाएवढा कागद. ते म्हणाले, "तुम्ही 'गेट उघडा' म्हणून थांबलात ना, तेव्हा मी खुर्चीत पुढे सरकलो. आता काय होणार, असं झालं मला. ती शांतता ठेवा, कुठल्याही भाषणात ठेवा." वक्त्याचा चेहरा असा उजळला म्हणून सांगू! कारण त्याला 'छान' एवढंच मिळालं नव्हतं, भाषणातली नेमकी जागा मिळाली होती. आपण काय केलं ते कळलं की ते पुन्हा करता येतं.

आणि लगेच पुढे, मध्ये 'पण' नाही की 'राग मानू नका' नाही. "दोन लाख सात हजार दोनशे लिटर म्हणालात तेव्हा मी मनात हिशेब मांडायला लागलो, हे खूप की थोडं? त्या नादात तुमची पुढची दोन वाक्यं माझ्या कानावरून गेली. आमच्याकडे येतो तो टँकर दहा हजार लिटरचा. पुढच्या वेळी त्याच जागी 'वर्षाला वीस टँकर' असं म्हणून बघा. आणि म्हणून झाल्यावर तसंच थांबा, जसे गेटपाशी थांबला होतात."

बघा बघा, काय केलं त्यांनी! आकडे कमी करा, असं म्हणालेच नाहीत. आकडा चुकीचा नव्हताच, फक्त ऐकणाऱ्याला तो डोळ्यांपुढे आणता येत नव्हता. काकांनी आधी काय ऐकलं ते सांगितलं, मग आपल्या मनात काय झालं ते, आणि मग एकच करून बघायची गोष्ट, तीही वक्त्याला आधीच जमलेल्या युक्तीला जोडून. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

चहाच्या वेळी मी त्यांना गाठलंच. कागद दाखवा म्हटलं. मधोमध उभी रेघ. डावीकडे वक्त्याचे शब्द जसेच्या तसे, उजवीकडे त्या क्षणी काकांना काय झालं ते: 'पुढे सरकलो', 'हिशेब', 'हसू', 'घड्याळ पाहिलं'. बस्स. 'आत्मविश्वास कमी', 'देहबोली सुधारा' असलं काही नाहीच. "आत्मविश्वास कमी आहे हे ऐकून माणूस घरी जाऊन नेमकं काय करणार?" काका म्हणाले. खरंच की! पहिली दोन वाक्यं बोलताना तुम्ही कागदाकडे बघत होता, असं सांगितलं तर ती दोन वाक्यं पाठ करून येता तरी येतं.

उजवीकडे पाच-सहा नोंदी होत्या, बोलले मात्र दोनच. का, तर अभिप्राय कानाने ऐकायचा असतो, परत मागे जाऊन वाचता येत नाही. त्यात वक्ता नुकताच खाली बसलेला, छाती अजून धडधडत असते. तीन सूचना दिल्या तर घरी पोचेपर्यंत एकही उरत नाही. मग निवडायची कुठली? जी बदलली तर भाषणाचा सगळ्यात मोठा भाग ऐकणाऱ्यापर्यंत पोचेल ती. त्याचे हात खिशात जात होते, हेही कागदावर होतं, पण त्यामुळे काकांचं एकही वाक्य हुकलं नव्हतं, म्हणून ते गळलं. एका इंग्रजी शब्दाचा उच्चार चुकला होता, तो काकांनी त्याला बाजूला घेऊन सांगितला. चारचौघांत सांगून उच्चार सुधारला तरी माणूस ओशाळतोच, असं त्यांचं म्हणणं, आणि मला ते शंभर टक्के पटलं.

क्लबात एक प्रसिद्ध साचाही चालतो: आधी कौतुक, मध्ये सूचना, शेवटी पुन्हा कौतुक. मला तो तितकासा रुचला नाही. त्या दिवशीच्या दुसऱ्या इव्हॅल्युएटर बाई अगदी तसंच बोलल्या, आणि त्यांचं पहिलं कौतुक चालू असतानाच वक्ती 'पण' कधी येतो याची वाट बघत बसलेली दिसत होती. कौतुकात नेमकी जागा नसेल तर ते सूचनेच्या कडू गोळीवरची साखर होऊन बसतं. शिवाय त्या बाईंनी "मी असते तर गोष्टीनेच सुरुवात केली असती" असं म्हणून स्वतःचंच भाषण सांगायला घेतलं! विषय होता गृहकर्जाचे हप्ते, आणि वक्तीला थेट तक्त्यापासून सुरुवात करायची होती. तिचा तक्ता कुठे कळला आणि कुठे नाही, हे सांगितलं असतं तर तिच्या हाती काही लागलं असतं.

काकांच्या पद्धतीलाही मर्यादा आहेच. लक्ष उडालं ते भाषणामुळे की काकांच्या रात्रीच्या जागरणामुळे? म्हणून ते 'मला असं झालं' एवढंच म्हणतात, 'श्रोते कंटाळले' असं म्हणत नाहीत, आणि शक्य झालं तर शेजारच्याला हळूच विचारतात, तुम्हीही तिथेच हरवलात का? दोघं एकाच जागी हरवले असतील तर ती सूचना पक्की.

आणि अभिप्राय पोचला की नाही ते कसं कळतं, ठाऊक आहे? वक्ता "थँक्यू, बघतो" म्हणाला तर बहुधा नाही. आमचा इंजिनीअर चहाचा कप हातात धरून पुटपुटत होता, "वर्षाला वीस टँकर... वर्षाला वीस टँकर..." आणि मध्ये थांबून बघत होता!

सोमवारी ऑफिसात शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीचं प्रेझेंटेशन होतं. मी आधीच जाऊन विचारलं, "मी कशाकडे लक्ष देऊ?" हेही काकांकडूनच उचललेलं, ते भाषणाआधी वक्त्याला गाठून हा प्रश्न विचारतातच. ती म्हणाली, "अगं, शेवटची मागणी स्पष्ट होते का, तेवढं बघ." मग मी वहीवर रेघ मारून बसले. नंतर तिला म्हटलं, "सातव्या स्लाइडवर 'दोन माणसं हवीत' म्हणालीस तेव्हा मी मान डोलावली. पण कधीपासून हवीत ते मला दहाव्या स्लाइडवर कळलं, आणि तोवर साहेबांनी फोन उचलला होता. तारीख त्याच वाक्यात घालून बघ ना." तिने तिथल्या तिथे लॅपटॉप उघडला आणि म्हणाली, "थांब, बदलतेच. आणि ऐक, परवा मोठ्या साहेबांसमोर आहे, तेव्हाही मागे बसशील?"