कंडक्टरमामांचा ताळा

कॉलेजात असताना, म्हणजे 1998 च्या सुमारास, पणजी-फोंडा मार्गावरच्या सरकारी बसने माझं रोजचं येणं-जाणं होतं. संध्याकाळच्या एका फेरीला ठरलेले कंडक्टर असत. सगळे त्यांना मामा म्हणायचे. शिक्षण बेताचं, आवाज बारीक, आणि कानामागे कायम पेन्सिल. त्यांच्या हिशेबात कधी एक रुपयाही इकडचा तिकडे होत नाही असा त्यांचा लौकिक होता. मी बहुतेक वेळा त्यांच्या शेजारच्या सीटवर बसायचो, त्यामुळे हे कसं जमतं ते हळूहळू कळत गेलं.

तेव्हा तिकिटाची मशीनं आमच्या बसमध्ये आली नव्हती. पत्र्याच्या ट्रेमध्ये एक, दोन, पाच, दहा अशा किमतीच्या तिकिटांचे गठ्ठे असत आणि प्रत्येक तिकिटावर ओळीने नंबर. सात रुपये भाडं असेल तर पाचाचं एक आणि दोनाचं एक फाडायचं. फेरी सुरू होताना प्रत्येक गठ्ठ्याचा वरचा नंबर वेबिलावर लिहायचा. नंतर कधीही गठ्ठ्याचा वरचा नंबर पाहिला आणि त्यातून सुरुवातीचा नंबर वजा केला, की किती तिकिटं गेली ते कळतं. किती विकलं हे लक्षात ठेवायची गरज नाही, गठ्ठाच ते सांगतो.

राहिली बॅग. नवशिके कंडक्टर इथेच गांगरतात. कोणी शंभराची नोट देतो, कोणी चिल्लर, कोणाला सुटे द्यायचे राहतात, आणि कोणी काय दिलं ते आठवता आठवता डोकं फिरतं. मामांचं म्हणणं असं, की ते आठवायचंच कशाला? पाच रुपयांच्या तिकिटाला माणसाने पाच दिले तर बॅगेत पाच वाढले. पन्नास दिले आणि आपण पंचेचाळीस परत केले, तरी पाचच वाढले. सुटे देण्याने बॅगेचं वजन बदलतं, तिच्यातली रक्कम बदलत नाही. नोट कुठलीही असो, प्रत्येक उतारूमागे बॅग त्याच्या तिकिटाएवढीच फुगायला हवी.

म्हणून त्यांचा ताळा तीन ओळींचा होता. फेरीआधी बॅगेत असलेले स्वतःचे सुटे, अधिक फाडलेल्या तिकिटांची किंमत, अधिक ज्यांचे पैसे परत करायचे राहिलेत (ते त्या उतारूच्या तिकिटामागे लिहून दिलेले आणि स्वतःच्या कागदावर टिपलेले), या तिन्हींची बेरीज म्हणजे बॅगेतली रक्कम. तिसरी ओळ बरेच जण विसरतात. लोकांचे पैसे आपल्या बॅगेत आहेत, पण आपले नाहीत.

हा ताळा ते दिवसाच्या शेवटी एकदाच करत नसत. रायबंदर, जुने गोवे, बाणस्तारी, म्हार्दोळ, असा प्रत्येक मोठ्या थांब्यानंतर करत. नोटा किमतीप्रमाणे लावलेल्या, नाण्यांचे कप्पे वेगळे, त्यामुळे मोजायला मिनिटभर पुरे. कारण साधं होतं. चूक सापडते ती ज्या तुकड्यात झाली तेवढ्यातच. डेपोत पोचल्यावर दहा रुपये जास्त निघाले तर दिवसभराच्या तीनशे माणसांत कोणाला शोधणार?

एका संध्याकाळी जुन्या गोव्याला त्यांचा हिशेब जुळला. स्वतःचे 100, तिकिटांचे 214, देणं काही नाही, बॅगेत 314. तिथे सहा जण चढले. बाणस्तारीच्या अलीकडे मामांनी गठ्ठे पाहिले. पाचाचा गठ्ठा 231 वरून 237 वर आलेला, म्हणजे सहा तिकिटं, 30 रुपये. दोनाचा 640 वरून 642 वर, म्हणजे 4 रुपये. एकूण 34. बॅगेत हवे 348. निघाले 358.

दुसऱ्या कोणी दहा रुपये वर आले म्हणून मान डोलावली असती. मामांचा चेहरा मात्र उतरला. कमी पडले तर कंडक्टर खिशातून भरतो आणि विषय संपतो. जास्त निघाले आणि त्याच वेळी तपासनीस चढला, तर सरळ अर्थ निघतो, पैसे घेतले आणि तिकीट दिलं नाही. त्या दहा रुपयांपायी नोकरीवर गदा यायची.

मग त्यांनी मला हळू आवाजात हिशेब ऐकवला. जास्त पैशाची कारणं दोनच. एक तर पैसे घेऊन तिकीट फाडायचं राहिलं, नाहीतर सुटे कमी दिले गेले. चढलेली माणसं सहा. पाचाची तिकिटं सहा, त्यातल्या दोघांना दोनाचं जोडलेलं. म्हणजे सहाही जणांकडे तिकीट आहे, पहिलं कारण बाद. राहिले सुटे. ज्याच्याकडून दहा राहू शकतात त्याने मोठी नोट दिलेली असणार. अशी माणसं तिघं, दोघांच्या विसाच्या नोटा आणि एकाची पन्नासाची. मामांची सवय नाणी आधी आणि नोट नंतर द्यायची, तेव्हा अडकलेली होती ती दहाची नोटच.

“कोणाचे दहा राहिले?” असं ते ओरडले नाहीत. तसं विचारलं तर तीन हात वर यायचे. त्यांनी एकेकाजवळ जाऊन उलटा प्रश्न विचारला. रिकामी पाटी घेऊन परतणाऱ्या एका मासेवालीला म्हणाले, “माय, तुका कितले परत मेळ्ळे?” तिने मूठ उघडली. तीन रुपयांची नाणी. विसातून सात गेले, तेरा हवे होते. मामांनी दहाची नोट तिच्या हातावर ठेवली, तिने ती कमरेच्या पिशवीत टाकली आणि खिडकीबाहेर पाहू लागली. म्हार्दोळला बॅग पुन्हा जुळली.

पुढे मी सरकारी कचेरीत कारकून झालो आणि रोकडवही हाताखाली आली तेव्हा मामांची रीत जशीच्या तशी कामी पडली. रोजच्या रोज, शक्य तर दुपारीही एकदा जुळवायचं. तिथे आणखी एक खूण शिकलो. फरकाला नऊने पूर्ण भाग जात असेल, तर बहुधा कुठेतरी शेजारचे दोन आकडे उलटे लिहिले गेलेत. 54 च्या जागी 45 पडले की फरक 9. 82 च्या जागी 28 पडले की 54.

पण ताळा जुळला म्हणजे सगळं बरोबर, असं मामाही मानत नसत. एकाला पाच कमी दिले आणि दुसऱ्याला पाच जास्त, तर बेरीज बिनबोभाट जुळते. कोणी पैसेही दिले नाहीत आणि तिकीटही घेतलं नाही, तर बॅगेला त्याचा पत्ताच नसतो. त्यासाठी ते डोकी मोजत: आधीचे, अधिक चढलेले, वजा उतरलेले. पैशाचा ताळा आणि माणसांचा ताळा, दोन्ही वेगवेगळे जुळावे लागतात.

आता मशीन तिकिटांची बेरीज आपोआप करतं, आणि मोबाईलवरून दिलेले पैसे बॅगेत न येता परस्पर खात्यात जातात. त्यामुळे बॅगेच्या ताळ्यात एक वजाबाकी वाढली आहे. सुटे परत द्यायचे राहिले, तर ते मात्र मशीनला आजही कळत नाही. त्यासाठी कोणीतरी बॅगच मोजावी लागते.